पार्श्वभूमी: आई ‘ओ’, बाळ ‘बी’ आणि कूम्ब्सचा ‘पॉझिटिव्ह’

कावीळ झालेल्या बाळाच्या रिपोर्टवर एकाखाली एक दोन ओळी असतात: ‘बी पॉझिटिव्ह’ आणि ‘डीसीटी पॉझिटिव्ह’. पहिली ओळ रक्तगटाची आहे. दुसऱ्या ओळीचा त्या गटाच्या पॉझिटिव्हशी काही संबंध नाही, पण बाळाची आजी दोन्ही एकदमच वाचते आणि विचारते, “आमच्या सुनेचा तर निगेटिव्ह नाहीच, मग जुळत नाही कसं?” गोंधळाची सुरुवात इथून होते. त्यात आणखी भर म्हणजे काही प्रयोगशाळा ‘डीसीटी’ म्हणजे डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट लिहितात आणि काही ‘डीएटी’. चाचणी एकच आहे. ‘पॉझिटिव्ह’चा अर्थही एवढाच, की बाळाच्या लाल पेशींवर आईकडून आलेली प्रतिद्रव्यं चिकटलेली सापडली. पेशी फुटताहेत की नाही, हे तो शब्द सांगत नाही.

ही चाचणी १९४५ साली इंग्लंडमध्ये मांडली गेली आणि वर्षभरातच आजारी नवजातांच्या पेशींवर वापरली गेली. तिची कल्पना साधी आहे. चिकटलेली प्रतिद्रव्यं इतकी लहान असतात की ती दोन पेशींमधलं अंतर ओलांडू शकत नाहीत, म्हणून पेशी आपणहून गुठळ्या धरत नाहीत. मग मानवी प्रतिद्रव्याविरुद्ध काम करणारं दुसरं द्रव्य वरून घालायचं, म्हणजे ते दोन पेशींमध्ये पूल बांधतं. त्या काळी सगळं लक्ष आरएच निगेटिव्ह आईच्या बाळांवर होतं. तिथे चाचणी ठसठशीत पॉझिटिव्ह येई आणि बाळ खरोखरच गंभीर आजारी असे. १९६८ पासून अशा आईला द्यायचं अँटी-डी इंजेक्शन वापरात आलं आणि आरएचचा त्रास पुष्कळ घटला. उरला तो एबीओचा फरक, आणि त्यात हीच चाचणी बरीच गुळमुळीत बोलते.

असं का होतं? ‘ए’ किंवा ‘बी’ गटाच्या आईची प्रतिद्रव्यं बहुतेक मोठ्या जातीची, आयजीएम असतात आणि ती वार ओलांडत नाहीत. ‘ओ’ गटाच्या आईकडे मात्र ‘ए’ आणि ‘बी’ दोन्हींविरुद्ध लहान जातीचं आयजीजी असतं आणि ते बाळापर्यंत पोचतं. म्हणूनच हा त्रास मुख्यतः ‘ओ’ आईच्या बाळांना होतो, आणि पहिलटकरणीच्या बाळालाही होतो. पण नवजाताच्या पेशींवर ए-बीच्या खुणा कमी आणि अपुऱ्या वाढलेल्या असतात, शिवाय त्याच खुणा शरीरातल्या इतर पेशींवर व द्रवांतही असल्यामुळे बरीच प्रतिद्रव्यं तिथेच अडकून पडतात. म्हणून ‘ओ’ आईच्या ए-बी गटाच्या बाळांपैकी साधारण एक तृतीयांशांतच चाचणी पॉझिटिव्ह येते, तीही बहुधा ‘एक प्लस’ म्हणजे फिकीच, आणि त्यांतल्याही थोड्याच बाळांना उपचार लागेल इतकी कावीळ होते. उलट चाचणी निगेटिव्ह असूनही पेशी फुटत असलेली बाळं भेटतात.

चाचणीची हाताळणीही नाजूक आहे. पेशी सलाइनने तीन-चार वेळा धुवाव्या लागतात. धुणं कमी पडलं तर उरलेल्या प्लाझ्मातलं प्रतिद्रव्य अभिकर्मकच खाऊन टाकतं आणि उत्तर खोटं निगेटिव्ह येतं. म्हणून निगेटिव्ह नळीत शेवटी मुद्दाम प्रतिद्रव्य लावलेल्या पेशी टाकून पाहतात. त्यांची गुठळी झाली नाही, तर चाचणी बाद. नाळेचं रक्त पिळून काढलं असेल तर नाळेतला चिकट गर पेशींना जोडतो आणि खोटा पॉझिटिव्ह मिळतो. आईला गरोदरपणात अँटी-डी दिलं असेल तर त्याचाही फिका पॉझिटिव्ह बाळात दिसतो. तो आजार धरायचा नसतो.

खरा वाद मात्र वेगळाच आहे: ‘ओ’ आईच्या प्रत्येक बाळाची नाळ तपासायची, की पिवळं दिसेल त्याचीच? २००४ च्या अमेरिकी मार्गदर्शनाने ही तपासणी ऐच्छिक ठरवली, पण एका अटीवर: बाळावर नीट लक्ष राहिलं पाहिजे आणि घरी गेल्यावर ते पुन्हा वेळेत दाखवलं गेलं पाहिजे. मोठ्या शहरात ही अट पाळता येते. कोकणात दोन दिवसांत सुटका झालेली बाळंतीण माहेरी जाते. ते माहेर खाडीपलीकडे असतं, पावसात एसटी चालेलच असं नाही, आणि सकाळी बाळाला धरायला कोवळं ऊन तर आषाढ-श्रावणात नसतंच. अटच पाळली जाणार नसेल, तर तिच्या आधारावर दिलेली सवलत आपण का घ्यावी? सगळ्यांची तपासणी केली तर पुष्कळ निरुपद्रवी पॉझिटिव्ह सापडतात आणि घरचे उगाच घाबरतात, हा आक्षेप बरोबर आहे. तरी कोणाला लवकर घरी सोडायचं नाही, एवढं ठरवायला तो कागद इथे उपयोगी पडतो, असं मला वाटतं.

देवगडकडचं समजा एक बाळ: ३९ आठवडे पूर्ण, वजन २.८ किलो, आई ओ पॉझिटिव्ह, बाळ बी पॉझिटिव्ह. सोळाव्या तासाला चेहरा आणि छाती पिवळी दिसली. कातडी पिवळी करणारं बिलिरुबिन डेसिलिटरला ८.२ मिलिग्रॅम, बाविसाव्या तासाला १०.१. सहा तासांत १.९ वाढ, म्हणजे तासाला ०.३ पेक्षा थोडी जास्त. पहिल्या दिवशी तासाला ०.३ किंवा त्याहून वेगाने चढणारा आकडा पेशी फुटत असल्याचा संशय उभा करतो. हिमोग्लोबिन १५.१, नव्या लाल पेशी म्हणजे रेटिक्युलोसाइट ८ टक्के, स्मिअरवर बारीक गोल पेशी, डीएटी एक प्लस. यातला एकेक पुरावा लंगडा आहे, पण चारही एका दिशेला जातात. डीएटीचं प्रत्यक्ष काम इथे एवढंच, की निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याची रेषा ती साधारण दोन मिलिग्रॅमने खाली आणते. ती निगेटिव्ह असती तर १०.१ वर थांबून पाहता आलं असतं, आता बाळ लगेच लाइटखाली जातं. छत्तिसाव्या तासाला ११ वर चढ थांबतो आणि मग आकडा उतरतो.

प्रतिद्रव्य नक्की कोणतं, हे पेशींवरून ते उतरवून पाहिल्यावर कळतं. उतरवलेला द्रव बी पेशींशी जुळला आणि ओ पेशींशी नाही, तर कारण एबीओचंच. ओ पेशींशीही जुळला, तर दुसरं प्रतिद्रव्य शोधावं लागतं. इथे रत्नागिरी-सिंधुदुर्गात एक जास्तीची शंका घ्यायला हवी. १९५२ साली मुंबईत ओळखला गेलेला ‘बॉम्बे’ गट, ज्यात ओ पेशींविरुद्धही प्रतिद्रव्य असतं, या भागातल्या कुटुंबांत भेटतो. आईचा गट नुसत्या पेशींवरून तपासून सीरम ओ पेशींशी पाहिलंच नाही, तर तो ‘ओ’ म्हणूनच लिहिला जातो.

डीएटी निगेटिव्ह आणि कावीळ मात्र जोरात, असं असेल तर कपड्यांची पेटी विचारावी. दमट हवेमुळे बाळाची दुपटी डांबरगोळ्यांत ठेवलेली असतात, आणि लाल पेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळात त्या वासानेही पेशी फुटतात.

आपलं बाळ पाचव्या दिवशी घरी गेलं तरी प्रतिद्रव्य काही आठवडे अंगात राहतं. तिसऱ्या आठवड्यात कातडी गोरीगोमटी असताना हिमोग्लोबिन १०.४ वर आलेलं असू शकतं. त्या तपासणीची तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून द्यावी लागते, कारण कावीळ गेली की बाळाला कुणी परत आणत नाही. आणि आजीच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच द्यावं: पुढच्या बाळालाही असं होऊ शकतं, पण यासाठी अँटी-डीसारखं इंजेक्शन नाही.