ओटी आणि सी-ऑफ: एक पगारात येतो, दुसरा कॅलेंडरमध्ये

सुपरवायझर पाठीवर थाप मारून म्हणतो, “रविवारी ये, ओटी नको लावू, सी-ऑफ टाकतो तुझा.” कामगार मान हलवतो. दोघांच्याही मनात हिशोब एकच असतो: जादा काम केलं, बदल्यात काहीतरी मिळालं. पण ओटी आणि सी-ऑफ ही एकाच देण्याची दोन नाणी नाहीत. ओटी म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त तास काम केल्याचा मोबदला. सी-ऑफ म्हणजे बुडालेली साप्ताहिक सुट्टी परत मिळणं. एकात तास मोजतात, दुसऱ्यात दिवस. एकाच रविवारच्या कामातून दोन्ही निघू शकतात, आणि नेमकं तिथेच बहुतेक धोरणं गडबडतात.

1948 च्या कारखाने अधिनियमात या दोन गोष्टींसाठी वेगवेगळी कलमं होती. कलम 59 म्हणायचं, दिवसात नऊ किंवा आठवड्यात 48 तासांपेक्षा जास्त काम झालं तर जादा तासांना दुप्पट दर. कलम 53 म्हणायचं, साप्ताहिक सुट्टीच्या नियमातून सूट असल्यामुळे सुट्टी बुडाली, तर तेवढ्याच सुट्ट्या त्या महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायच्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी लागू झालेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ही दोन्ही तत्त्वं राहिली आहेत. दिवसाची मर्यादा आठ तासांवर आली, आणि ओटीसाठी कामगाराची संमती लागते असं स्पष्ट लिहिलं गेलं. ओटीच्या बदल्यात सुट्टी देऊन दुप्पट दर टाळता येईल, असं दोन्हीत कुठेही नाही.

आता एक आठवडा उलगडून पाहू. बॉयलर विभाग, सतत चालणारं काम, साप्ताहिक सुट्टीच्या नियमातून सूट मिळालेली. कामगाराची सुट्टी रविवारची. 8 मार्च 2026 च्या रविवारी त्याला सेकंड शिफ्टला, दुपारी 2 ते रात्री 10, बोलावलं. सोमवार ते शनिवार त्याची नाईट, रात्री 10 ते सकाळी 6. मंगळवारच्या नाईटला रिलिव्हर आला नाही म्हणून तो सकाळी 8 पर्यंत थांबला. जेवणाची सुट्टी कामाच्या वेळेतच धरू. रविवारचे 8, सहा नाईटचे 48 आणि थांबल्याचे 2, असे एकूण 58 तास. 48 च्या वर 10 तास, म्हणून 10 तासांचा ओटी. शिवाय रविवार बुडाला, म्हणून एक सी-ऑफ. दोन्ही.

सी-ऑफ त्याच आठवड्यात, समजा गुरुवारी दिला असता तर? मग एकूण 50 तास झाले असते आणि ओटी फक्त 2 तासांचा. यात फसवणूक नाही. माणसाला खरोखर विश्रांती मिळाली. पण सी-ऑफ पुढच्या महिन्यात देऊन या आठवड्याचा ओटी कापणं मात्र चुकीचं. “रविवारचं काम म्हणजे सी-ऑफ, ओटी नाही” असं एक वाक्य धोरणात टाकणाऱ्यांना हा फरक दिसत नाही.

दराचं पाहू. मूळ वेतन 13,000 आणि महागाई भत्ता 7,800, मिळून 20,800. 26 दिवसांनी भागून 800 रुपये रोज, आठने भागून तासाला 100, दुप्पट 200. दहा तासांचे 2,000 रुपये. काही ठिकाणी महागाई भत्ता गाळून नुसत्या मूळ वेतनावर हिशोब करतात: तासाला 62.50, दुप्पट 125, दहा तासांचे 1,250. स्लिपवर ‘डबल ओटी’ छापलेलं असतं, म्हणून कुणी उलगडून बघत नाही. घरभाड्यासारख्या भत्त्यांचा प्रश्न वेगळा आहे. 1948 च्या कायद्यात हक्काचे भत्ते धरले जात; नव्या संहितांच्या वेतनाच्या व्याख्येत घरभाडं बाहेर आहे, पण असे वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरची रक्कम वेतनात परत धरतात. सी-ऑफला दर नसतो. मासिक पगारवाल्याचा त्या दिवशी पगार कापायचा नाही. रोजंदारीवाल्याला त्या दिवसाचे पैसे मिळणार की नाही, हे धोरणात स्पष्ट लिहून घ्यावं.

मंजुरीचंही दोन्हीकडे सारखं नाही. ओटीची मंजुरी काम सुरू होण्याआधी हवी: शिफ्ट इन्चार्जची सही, कारण आणि अंदाजे तास. रिलिव्हर न आल्यासारख्या वेळी आधी सही कुठून आणणार? तिथे पुढच्या शिफ्टच्या आत नोंद करायची मुभा ठेवावी. मंजुरी नव्हती म्हणून झालेल्या तासांचे पैसे अडवायचे नाहीत. विनापरवानगी थांबला असेल तर विचारणा वेगळी करा, तास मात्र काम झालेलेच असतात. सी-ऑफला मंजुरी दोनदा लागते, एकदा जमा करताना आणि एकदा घेताना. वाद बहुतेक दुसऱ्या वेळी होतो. “30 दिवसांत घेतला नाही तर रद्द” असा नियम बऱ्याच धोरणांत असतो. पण कायद्याची मुदत त्या महिन्याच्या शेवटानंतर आणखी दोन महिने आहे. 8 मार्चचा सी-ऑफ 31 मेपर्यंत चालतो. कामगाराने तीनदा अर्ज केला आणि माणसं कमी म्हणून तिन्हीदा नाकारला, तर तो रद्द कसा होईल? अर्ज नाकारणाऱ्याने त्याच कागदावर दुसरी तारीख लिहावी.

सगळ्यात न दिसणारी चूक पंचिंगमध्ये असते. नाईट शिफ्टमध्ये मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसाचे धरायचे, असं कायदाच सांगतो. सुट्टीचे 24 तासही शिफ्ट संपल्यापासून मोजायचे. शनिवारच्या नाईटवाल्याचा रविवार सकाळी 6 ला सुरू होतो. पण सॉफ्टवेअर तारखेवर चाललं तर प्रत्येक नाईट रात्री 12 ला दोन तुकड्यांत फुटते. वरच्याच आठवड्यात रविवारचे 8, सोमवारचे फक्त 2, मंगळवारचे 8, बुधवारचे 10, मग तीन दिवस आठ-आठ: एकूण 52. खरे 58. शनिवारच्या नाईटचे सहा तास पुढच्या रविवारी जाऊन बसले, म्हणजे तो सुट्टीच्या दिवशी कामावर होता असंही दिसतं आणि एक खोटा सी-ऑफ तयार होतो. बरं, ते सहा तास पुढच्या आठवड्यात तरी मिळतील? त्याने खरा सी-ऑफ त्याच आठवड्यात घेतला तर पाच दिवसांचे 40 आणि हे 6, मिळून 46. 48 च्या आत, ओटी शून्य. सहा तासांचे 1,200 रुपये कुणीही न खाता गेले.

म्हणून मस्टरमध्ये पंचची तारीख आणि शिफ्टची तारीख असे दोन वेगळे रकाने हवेत. ओटीच्या नोंदीत शिफ्टची तारीख, आत-बाहेरची वेळ, कारण, कामगाराची संमती आणि मंजूर करणाऱ्याची सही. सी-ऑफच्या नोंदीत कुठल्या दिवसाचा, शेवटची तारीख आणि प्रत्यक्ष घेतल्याची तारीख. टाइम ऑफिसमध्ये ही तपासणी करताना मी आधी रविवारचा रकाना बघतो. सकाळी 6 ला बाहेरचा पंच आहे, पण आतला पंच शनिवारी रात्री 10 चा असेल, तर आठवड्याचे तास पुन्हा मोजायला घेतो.