फोटोतली चाई भरताना केसांची कड कुठे सुरू होते?

फोटोत विरळ झालेले केस भरायला सांगितले की बहुतेक जण शेजारचे दाट केस कॉपी करून मोकळ्या जागेवर ठेवतात आणि मऊ ब्रशने कड पुसून घेतात. डोक्याच्या मधोमध हे कधी कधी खपूनही जातं. पण जागा कपाळाला लागून असली की टोप घातल्यासारखं दिसतं, आणि पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतंय हे सांगता येत नसलं तरी खटकतं नक्की. याचं कारण केसांच्या रचनेत आहे आणि थोडं कॅमेऱ्यातही आहे.

कपाळ आणि केस यांच्यामध्ये रेष नसते, एक पट्टा असतो. डोक्यावर केसांची मुळं छोट्या झुबक्यांनी असतात आणि एका झुबक्यातून एक ते चार केस निघतात. दोन-तीन केसांचे झुबके आतल्या भागात असतात. कपाळाच्या अगदी काठावर बहुतेक एकेकटे केस असतात, तेही बारीक, आणि त्यांच्यामधून त्वचा स्वच्छ दिसते. केसरोपण करणारे सर्जन म्हणूनच पुढच्या ओळींत एक-एक केसाची रोपं लावतात आणि ओळ मुद्दाम वेडीवाकडी ठेवतात. हा पट्टा साधारण पाऊण सेंटीमीटरचा धरला, तर एवढ्याशा अंतरात त्वचा शंभर टक्क्यांवरून जवळजवळ शून्यावर येते. फोटो दुरुस्त करणाऱ्याला बनवायचा असतो तो हा पट्टा.

एक उदाहरण सविस्तर सांगते. कर्वे रोडवरच्या एका कार्यालयातल्या लग्नाचा फोटो माझ्याकडे आला होता. नवरीच्या डाव्या कानशिलावर चाई पडली होती. ती दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी लहान, अडीच सेंटीमीटरची होती. तीन बाजूंनी केस आणि चौथी बाजू कपाळाकडे उघडी. केस मागे घट्ट ओढून अंबाडा घातलेला, त्यामुळे झाकायला वरून एक बटही नव्हती. त्यावरून मुंडावळ्या गेलेल्या. ती म्हणाली, “ताई, एवढी जागा भरा, पण कपाळ माझंच राहू द्या.” मी तिच्याकडे साखरपुड्याचा फोटो मागितला, कारण तो चाई पडायच्या आधीचा होता. उजवं कानशील उलटं करून डावीकडे चिकटवण्याचा मोह होतो, पण दोन्ही कानशिलं सारखी नसतात. शिवाय प्रकाश एका बाजूने आलेला असतो. उलटवलेल्या केसांवरची चमक मग भलत्याच दिशेला जाते.

चाईचं वेगळेपण आधी समजून घ्यावं लागतं. वयानुसार टक्कल पडतं तेव्हा केस हळूहळू बारीक होत जातात आणि कड आपोआप मऊ राहते. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उठते आणि केस एकदम गळतात. म्हणून गोल, गुळगुळीत, ठसठशीत कडेचा चट्टा दिसतो. त्याच्या काठावर काही तुटके केस असतात. ते मुळाशी बारीक आणि टोकाकडे जाड, उद्गारचिन्हासारखे दिसतात. फोटोत ते काळे ठिपके म्हणून उमटतात. नवीन केस भरण्याआधी ते काढले नाहीत तर भरलेल्या भागाभोवती ठिपक्यांचं कडं उरतं आणि जुना चट्टा कुठे होता ते सांगत राहतं.

आता पिक्सेलकडे येऊ. फोटो ४००० बाय ६००० पिक्सेलचा, उभा होता. कानशिलापासून कानशिलापर्यंत सुमारे १३ सेंटीमीटर अंतर ११०० पिक्सेलमध्ये मावलं होतं. म्हणजे एक पिक्सेल ०.१२ मिलिमीटरचा. डोक्यावरचा साधारण केस ०.०७ मिलिमीटर जाड असतो आणि काठावरचा बारीक केस ०.०३ च्या आसपास. दोन्ही केस एका पिक्सेलपेक्षा अरुंद! त्यामुळे या फोटोत केसाचा खरा काळा रंग एकट्या केसात कुठेच दिसत नाही, त्वचेत मिसळलेला करडा-तपकिरी रंग दिसतो. त्यात लेन्स आणि सेन्सर मिळून तो केस निदान दोन पिक्सेलवर पसरवतात. जाड केसाचा वाटा मग प्रत्येक पिक्सेलमध्ये ३० टक्के उरतो आणि बारीक केसाचा १२ टक्के.

म्हणजे ब्रशची ओपॅसिटी ३० आणि १२ ठेवायची का? नाही, आणि इथेच बहुतेकांचे केस काजळाने काढल्यासारखे काळे होतात. फोटोतले ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. डोळ्याला सोयीचं व्हावं म्हणून गडद छटांना त्यात जास्त आकडे दिलेले असतात. त्वचा २०० आणि केस ४० असेल आणि पिक्सेलची निम्मी जागा केसाने व्यापली, तर सरासरी १२० यावी असं वाटतं. पण कॅमेऱ्यात प्रकाश मिसळतो, आकडे नाही. प्रकाशाची सरासरी काढून ती पुन्हा आकड्यात आणली की १४९ येतात. ब्रशने १४९ मिळवायला ५० नव्हे, ३२ टक्के ओपॅसिटी लागते. याच हिशेबाने ३० टक्के व्यापणाऱ्या केसाला १८ टक्के आणि १२ टक्के व्यापणाऱ्याला जेमतेम ७ टक्के ओपॅसिटी पुरते. कॅमेरा स्वतःची छटा मिसळतो, म्हणून हे आकडे सुरुवातीपुरते धरावेत आणि चांगल्या बाजूचा एखादा सुटा केस मोजून पाहावा. त्या फोटोत उजव्या बाजूचा एक जाड सुटा केस १७० च्या आसपास होता, भोवतालची त्वचा २००.

भरण्याचा क्रम केस कसे विंचरलेत त्यावर ठरतो. केस मागे ओढलेले असतील तर कपाळाजवळ उगवलेला केस मागच्यांच्या अंगावरून जातो. म्हणून कौलं जशी वळचणीपासून आढ्याकडे एकावर एक चढवतात, तसं इथे मागून सुरू करून कपाळाकडे यायचं. काठावरचे केस सगळ्यात शेवटी.

मागच्या तीन बाजूंचं काम सोपं होतं. फोटोशॉपमध्ये एक कोरा लेयर घेतला, क्लोन स्टॅम्पचा नमुना `Current & Below` वर ठेवला आणि वीसेक पिक्सेलच्या ब्रशने, केसांच्या दिशेनेच, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर अंतरावरचे केस ओढत आणले. नमुन्याची जागा सतत बदलली, नाहीतर एकच वळण दोनदा दिसतं आणि डोळा ते लगेच पकडतो. मुंडावळ्या आधीच निवडून मास्कने बाजूला ठेवल्या होत्या. त्यांच्या मोत्यांची सावली मात्र जुन्या उघड्या त्वचेवर पडलेली होती. आता खाली केस आल्यावर तशी स्पष्ट सावली राहणार नव्हती, म्हणून ती पुसून केसांवर फिकट, तुटक अशी पुन्हा द्यावी लागली.

इथे हीलिंग ब्रश वापरू नये. त्वचेवरचा डाग घालवायला तो उत्तम आहे, कारण तो नमुन्यातला पोत घेतो आणि रंग-उजेड नव्या जागेच्या कडेशी जुळवतो. पण आपल्या जागेच्या तीन कडा काळ्या आणि चौथी उजळ. त्या सगळ्यांशी जुळवताना तो काळेपणा आत ओढतो आणि कपाळावर शाई पसरल्यासारखा ढग येतो. असा ढग दिसला की ओळखावं, जागा हीलिंगची नव्हे, क्लोनची होती.

चौथ्या बाजूला पट्टा साधारण ६० पिक्सेल रुंद हवा होता. आधी सावली, मग केस. दोन केसांमधली त्वचा मोकळ्या कपाळाइतकी उजळ नसते, कारण वरचे केस तिच्यावर सावली टाकतात. म्हणून वेगळ्या लेयरवर, चांगल्या बाजूच्या मुळांजवळून उचललेल्या तांबूस तपकिरी रंगाचा हलका हात दिला. केसांकडे जास्त, कपाळाकडे संपत जाणारा. काळा रंग घेतला तर तिथे मळ साचल्यासारखा दिसतो.

मग केस. दोन पिक्सेलचा ब्रश, पेनच्या दाबाने टोकाला निमुळता होणारा. आतल्या ओळींना १८ टक्के, काठाला ७ ते १० टक्के. साखरपुड्याच्या फोटोत तिचे केस कानशिलावर थोडे पुढे येऊन खाली वळत होते, तीच दिशा धरली. मुळं एका ओळीत येऊ दिली नाहीत. तीन-चार केसांनंतर फट, मग एकटा केस, मग दोन एकमेकांवरून जाणारे. काही केस अर्ध्या लांबीचेच ठेवले, कारण काठावर असे नवे, तोकडे केस असतातच. मऊपणा येतो तो या फटींमुळे. पूर्ण काळी पट्टी काढून तिला ब्लर दिला तर कपाळावरची छिद्रं स्पष्ट आणि शेजारचे केस धुक्यात अशी विसंगती तयार होते. ब्लर द्यायचाच तर एवढाच की नवे केस शेजारच्या खऱ्या केसांइतके तीक्ष्ण दिसतील. इथे अर्ध्या पिक्सेलचा पुरला.

शेवटी दाणा. कार्यालयातल्या उजेडात आयएसओ वाढवलेला असतो, त्यामुळे फोटोत बारीक दाणे असतात. क्लोन केलेल्या भागात ते सोबत येतात, ब्रशने काढलेल्या भागात अजिबात नसतात. सावली आणि केसांच्या लेयरवर तेवढाच दाणा घातला नाही तर मोठ्या छपाईत तो तुकडा प्लास्टिकसारखा गुळगुळीत दिसतो.

तपासणीसाठी मी फोटो आडवा उलटा करून पाहते, मग वर एक तात्पुरता कर्व्ह लेयर टाकून कॉन्ट्रास्ट खूप वाढवते. लपलेले ढग आणि दोनदा आलेली वळणं त्यात उघडी पडतात. नंतर फोटोची उंची १६०० पिक्सेलपर्यंत लहान करते, कारण फोनवर तो साधारण एवढाच फिरतो. त्या मापात एक पिक्सेल ०.४५ मिलिमीटरचा होतो, सुटे केस नाहीसे होतात आणि फक्त छटेचा उतार उरतो. तो उतार उजव्या कानशिलापेक्षा तीव्र वाटला तर काठावरचे केस जास्त झालेत. या फोटोत तसंच होतं, बाहेरच्या ओळीतले निम्मे केस काढून टाकले तेव्हा जुळलं.

प्रत्येक फोटोवर हे जमत नाही. चाईची त्वचा गुळगुळीत असल्याने फ्लॅशचा उजेड तिथून थेट परततो आणि त्या जागी आकडे २५५ ला टेकतात. तिथे त्वचेची काहीच माहिती उरत नाही, आणि केसांमधून दिसायला तर त्वचाच लागते. अल्बममधल्या दोन फोटोंत तसं झालं होतं. तिथे त्वचाही नव्याने रंगवावी लागली असती, म्हणून त्याच क्षणाचे दुसऱ्या कोनातले फोटो निवडायला सांगितले. मूळ फाइल्स मात्र जशाच्या तशा ठेवायच्या. पासपोर्ट किंवा ओळखपत्राच्या फोटोत असे केस भरू नयेत आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचा फोटोही मूळच हवा. छोट्या चाईचे केस पुष्कळदा वर्षभरात परत येतात, आधी बारीक आणि पांढरट, आणि डॉक्टरांना नेमके तेच केस पाहायचे असतात.