एसीएल फाटलं खरं, पण गुडघा सटकतो का?

सोलापुरात आता रात्री उशिरापर्यंत टर्फवर फुटबॉल चालतो. दिवसभर दुकान, बँक किंवा कारखान्याचं ऑफिस सांभाळणारी विशी-तिशीतली मुलं दिवे लावून खेळतात. त्यासोबत ओळखीपाळखीत एक वाक्य वारंवार कानावर यायला लागलं आहे: "एमआरआयमध्ये लिगामेंट पूर्ण फाटलंय म्हणे, आता ऑपरेशनशिवाय इलाज नाही." हे लिगामेंट म्हणजे बहुधा एसीएल, गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारी दोरी. वाक्यातला पहिला भाग खरा असू शकतो. दुसरा त्यातून आपोआप निघत नाही, आणि तो का निघत नाही हे गुडघ्याच्या रचनेत शिरल्याशिवाय कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. तरुण सत्तावीस वर्षांचा, चादरीच्या कारखान्यात हिशेब बघणारा, आठवड्यातून दोनदा खेळणारा. चेंडू घेऊन धावताना त्याने अचानक दिशा बदलली. बुटाचा तळ टर्फला धरून राहिला, अंग वळलं, आत 'कट्' असा आवाज झाला. कुणाचा धक्का नाही, कुणाची लाथ नाही. हे दुखणं बहुतेक वेळा असंच, कुणाचा स्पर्श न होता येतं. दोन तासांत गुडघा टम्म फुगला. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे सांध्यात झालेला रक्तस्राव, आणि तिथेच एसीएलचा संशय धरायचा असतो. एक्स-रे नॉर्मल आला, कारण एक्स-रेत लिगामेंट दिसतच नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी गुडघा वीस-तीस अंशांत वाकवून नडगी हाताने पुढे ओढून पाहिली. ती दुसऱ्या पायापेक्षा जास्त पुढे आली आणि शेवटी 'टक्' असा घट्ट थांबा लागला नाही. एमआरआयने त्यावर शिक्कामोर्तब केलं: पुढचं लिगामेंट पूर्ण फाटलेलं, गादी म्हणजे मेनिस्कस मात्र शाबूत.

एसीएल ही साडेतीन सेंटिमीटरहूनही आखूड दोरी. मांडीच्या हाडाच्या मागच्या बाजूने निघून ती तिरकी येते आणि नडगीच्या माथ्यावर पुढच्या भागात रुजते. नडगीला पुढे सरकू न देणं आणि पाय रोवलेला असताना गुडघ्याचं आतल्या आत पिळणं रोखणं ही तिची कामं. साधं चालणं, जिना, सायकल यांत तिच्यावर फार भार येत नाही. धावताना कट मारणं आणि उडी घेऊन एका पायावर उतरणं, इथे तिची कसोटी लागते.

घोट्याचं किंवा गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट फाटलं तर ते बहुधा जुळतं. मग हेच का अडतं? कोणतीही जखम भरताना आधी रक्ताची गुठळी धरते. तिच्यातले फायब्रिनचे धागे हा ताणा, आणि पेशी येऊन त्यावर बाणा टाकतात. सोलापूरकराला वेगळं सांगायला नको, ताणा नसेल तर माग चालवून उपयोग नाही. एसीएल सांध्याच्या पोकळीत, वंगणासारख्या द्रवात असते. तिथली एन्झाइम गुठळी टिकू देत नाहीत आणि फाटलेल्या टोकांमधली जागा रिकामी राहते. तरी 'कधीच जुळत नाही' हेही आता म्हणता येत नाही. ऑपरेशन लांबवलेल्या एका गटाचे एमआरआय पुन्हा तपासल्यावर दोन वर्षांनी दर दहांत सुमारे तिघांत ती सांधल्याच्या खुणा दिसल्या, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. पण आपल्या गुडघ्यात तसं होईल असं धरून चालता येत नाही.

मग दोरी तुटलेला गुडघा चालतो कसा? मला या विषयात सर्वांत ओढ आहे ती या प्रश्नाची. नडगीला पुढे ओढणारा मोठा स्नायू आपल्याच मांडीवर, पुढच्या बाजूला आहे: क्वाड्रिसेप्स. तो गुडघ्याच्या वाटीतून आणि तिच्याखालच्या जाड टेंडनमधून, म्हणजे ओढ हाडापर्यंत पोचवणाऱ्या पट्टीतून, नडगी ओढतो. गुडघा जवळजवळ सरळ असताना हे टेंडन वरच्या टोकाला पुढे झुकलेलं असतं. त्यामुळे क्वाड्रिसेप्स आकसला की नडगी वर तर ओढली जातेच, शिवाय थोडी पुढेही सरकते. गुडघा वाकत जातो तसं टेंडनचं झुकणं कमी होतं आणि साधारण साठ ते ऐंशी अंशांच्या आसपास ते उलटं, मागे झुकतं. तिथून पुढे तोच स्नायू नडगीला मागे रेटायला लागतो.

आता मांडीच्या मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग. तो नडगीला मागे ओढतो, म्हणजे एसीएलचंच काम करतो. पण गुडघा सरळ असताना त्याची ओढ नडगीच्या जवळपास समांतर जाते, मागे खेचायला तिथे कोनच मिळत नाही. गुडघा तीस-चाळीस अंश वाकला की कोन मिळतो आणि ओढ कामी येते. म्हणजे ताठ पायावर उतरणाऱ्या खेळाडूत पुढे ओढणारा स्नायू जोरात आणि मागे ओढणारा हतबल असतो. गुडघा आणि कंबर वाकवून उतरणाऱ्यात पारडं फिरतं. फिजिओ 'मऊ उतर, आवाज करू नकोस' असं पुन्हा पुन्हा का सांगतात, त्याचं उत्तर या कोनात आहे.

तेवढ्याने मात्र भागत नाही. हँडबॉल आणि बास्केटबॉल खेळताना एसीएल तुटल्याचे व्हिडिओ चौकट-चौकट करून तपासले गेले. पाय जमिनीला टेकल्यापासून सुमारे चाळीस मिलिसेकंदांत खेळ आटोपलेला असतो असं त्यात दिसलं. गुडघ्यातून संदेश निघून मज्जारज्जूतून परत येणं आणि त्यानंतर स्नायूत खरी ताकद भरणं, याला साधारण त्याच्या दुप्पट वेळ तरी लागतो. म्हणजे घसरायला लागल्यावर स्नायू सावरतील हा हिशेबच चुकीचा आहे. पाय टेकायच्या आधीच हॅमस्ट्रिंग आवळून तयार हवा. मेंदूने पुढचं पाऊल ओळखून हुकूम आधी सोडलेला हवा. दुखापतीनंतरच्या व्यायामात, म्हणजे पुनर्वसनात, ताकद वाढते, पण खरं शिकणं या पूर्वतयारीचं असतं, आणि ते शेकडो वेळा उतरून, वळून, तोल सावरूनच येतं.

त्याची मर्यादाही इथेच कळते. पुढचं पाऊल ठाऊक असतं तिथे मेंदू आधी हुकूम सोडू शकतो. फुटबॉलमध्ये समोरचा कुठे वळेल ते ठाऊक नसतं. म्हणून एखाद्याचा गुडघा नोकरी, मोटारसायकल, पळणं सगळं निभावतो आणि मैदानावर मात्र दगा देतो.

आपल्या उदाहरणातल्या तरुणाला डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनची तारीख दिली नाही, आणि ते योग्यच होतं. सुजलेल्या, न सरळ होणाऱ्या गुडघ्यावर घाईने हात घातला तर तो आखडून बसण्याचा धोका असतो. सूज असेपर्यंत मज्जारज्जू क्वाड्रिसेप्सला जणू कुलूपच लावते, कितीही जोर केला तरी मांडी नीट आवळत नाही. म्हणून आधी सूज उतरवणं, टाच टेकून गुडघा पूर्ण सरळ करणं, मग मांडी जागी करणं असा क्रम असतो. पण गादीचा तुकडा उलटून सांध्यात अडकला आणि गुडघा लॉक झाला, गादी शिवून वाचवण्यासारखी फाटली असेल किंवा एकाहून जास्त लिगामेंट गेली असतील, तर थांबायचं नसतं. याच्या बाबतीत यातलं काही नव्हतं.

अशा लोकांवरचा एक नावाजलेला प्रयोग स्वीडनमध्ये झाला. व्यावसायिक नसलेल्या, पण खेळणाऱ्या १२१ तरुणांना चिठ्ठी टाकून दोन गटांत वाटलं. एका गटाचं लवकर ऑपरेशन आणि मग व्यायाम, दुसऱ्याला आधी व्यायाम आणि गरज वाटली तरच पुढे ऑपरेशन. निष्कर्ष २०१० मध्ये आले. दुसऱ्या गटातल्या ५९ जणांपैकी २३ जणांनी दोन वर्षांत ऑपरेशन करून घेतलं, पाच वर्षांत हा आकडा ३० झाला. म्हणजे त्या गटातले जवळजवळ निम्मे विना-ऑपरेशन राहिले. दुखणं, हालचाल, खेळ यांच्या गुणांकनात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, पाच वर्षांनंतरच्या एक्स-रेतल्या झिजेतही नव्हता. 'ऑपरेशन केलं की पुढे संधिवात टळतो' हा समज त्यामुळे सोडायला हवा. उलट बाजूही सांगितली पाहिजे: ब्रिटनमधला २०२२ चा प्रयोग दुखापत जुनी होऊनही गुडघा सटकतच राहिलेल्यांवर होता, आणि त्यात ऑपरेशनवाले सरस ठरले. दोन निकाल एकमेकांना खोडत नाहीत. त्यांतले रुग्ण वेगळे आहेत.

म्हणून तीन महिने नीट व्यायाम करायचा आणि मोजायचं. दुखऱ्या मांडीची ताकद चांगल्या मांडीच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास आली का? एका पायावरची लंगडी-उडी दोन्ही बाजूंनी जवळपास तेवढीच पडते का? आणि सर्वांत महत्त्वाचं, गुडघा 'सटकला' किती वेळा? सटकणं म्हणजे दुखणं नव्हे. वरचं हाड खालच्यावरून निसटल्याची, क्षणभर पाय आपला नसल्याची जाणीव, आणि बहुधा दुसऱ्या दिवशी सूज. असं प्रत्येक सटकणं गादी चेंगरतं. दोरीशिवाय जगता येतं, पण फाटत गेलेली गादी परत मिळत नाही.

या तीन महिन्यांत दोन गोष्टींपासून लांब राहावं. गावात 'हाड सरकलंय' म्हणून झटका देणारे आणि लेप बांधणारे आहेत. आत हाड सरकलेलं नसतं, रक्त भरलेलं असतं, आणि तशा गुडघ्याला पीळ देणं म्हणजे वाचलेल्या गादीवर घाला. दुसरी गोष्ट चकचकीत आहे: स्वतःच्या रक्ताचं किंवा 'स्टेम सेल'चं इंजेक्शन देऊन लिगामेंट पुन्हा उगवून देण्याची जाहिरात. पूर्ण फाटलेली एसीएल अशा इंजेक्शनने जुळते याचा भक्कम पुरावा नाही. मेडिकलमधली लवचीक नी-कॅप उबदार वाटते, नडगी धरून ठेवत नाही.

तरुणाची ताकद तीन महिन्यांत परत आली, उडीही जमली. चौथ्या महिन्यात, फिजिओने अजून परवानगी दिलेली नसताना, तो मित्रांबरोबर पाच-पाच जणांचा सामना खेळला आणि आठवड्याभरात दोनदा गुडघा सटकला. आता त्याच्यापुढे दोन सरळ वाटा होत्या: कट मारायचे खेळ सोडून सायकल, पोहणं, पळणं धरायचं, किंवा ऑपरेशन. दोन्ही शहाणपणाच्या. त्याला फुटबॉल हवा होता, त्याने ऑपरेशन निवडलं.

इथे फाटलेली दोरी शिवत नाहीत. त्याच्याच हॅमस्ट्रिंगचं टेंडन काढून, हाडांत बोगदे पाडून नव्या जागी बसवतात. बसवलेलं टेंडन पहिल्या आठवड्यांत बऱ्याच अंशी मृत असतं. त्यातल्या जुन्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी जुने धागे मोडून नवे विणतात. या मोडतोडीत, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, हे ग्राफ्ट, म्हणजे बसवलेलं टेंडन, सर्वांत कमकुवत असतं. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं आणि माणसाला वाटतं, झालो बरा. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत खेळ लांबवलेला प्रत्येक महिना पुन्हा दुखापत होण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आणत होता. त्यात मांडीची ताकद दोन्ही पायांत सारखी करून परतणारेही जास्त सुरक्षित ठरले.

त्याचा आता सहावा महिना चालू आहे. सरळ रेषेत पळायची परवानगी आहे, चेंडूला पाय लावायची नाही. नवव्या महिन्यानंतर ताकद आणि उडी दोन्ही पुन्हा मोजली जाईल, आणि नव्वद टक्क्यांच्या खाली आली तर तारीख पुढे जाईल.