भरती बंद असते तेव्हा बॉयलरवाला कुठून येतो?

"मंदी आहे, नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत भरती बंदच आहे. आता अर्ज करून काय उपयोग?"

'भरती बंद' हा हुकूम बहुतेक वेळा नव्या, वाढीव जागांपुरता असतो. आधी थांबतात ते ट्रेनी आणि ऑर्डर वाढतील म्हणून घ्यायची माणसं. रिकामी झालेली जागा भरायची की नाही, हा वेगळा हिशोब असतो.

समजा, तीन पाळ्या चालणाऱ्या कारखान्यातला बॉयलर अटेंडंट निवृत्त झाला. प्रमाणपत्रधारक माणसाशिवाय बॉयलर चालवणं कायद्याने चालत नाही. उरलेल्या दोघांना किती दिवस ओव्हरटाइम देणार? त्यातला एक आजारी पडला की वाफ बंद, आणि वाफेवर चालणारी लाइनही बंद. एका पगाराची बचत तिथे महागात पडते, म्हणून एचआर वरून खास मंजुरी आणतं. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचंही जवळपास असंच.

अशी जागा ओळखायची कशी? जाहिरातीत एकच पद असतं, प्रमाणपत्राचा वर्ग लिहिलेला असतो आणि 'त्वरित रुजू' म्हटलेलं असतं. फक्त मंजुरीला वेळ लागतो, आणि नेमणूक अनेकदा ठेकेदारामार्फत होते. तेव्हा पीएफ कोण भरणार, हे पहिल्याच भेटीत विचारा.