बायकोच्या नावावर एफडी, तरी व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात

“बायकोला दिलेलं बक्षीस करमुक्त असतं, मग त्या एफडीच्या व्याजावर मला कर कसा?”

करमुक्त आहे ती दिलेली रक्कम. तिच्यावरचं उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. समजा, रत्नागिरीतल्या एका हॉटेलवाल्याने बायकोला 10 लाख दिले आणि तिने 7 टक्क्यांनी एफडी केली. वर्षाचं 70,000 व्याज नवऱ्याचं धरलं जाईल. तो 30 टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर सेससह 21,840 रुपये कर.

गंमत पुढे आहे. तेच 70,000 तिने वेगळे गुंतवले, तर त्यावरचं 4,900 व्याज मात्र तिचं स्वतःचं. पण मूळ रक्कम आणि व्याज एकाच एफडीत फिरत राहिलं की हा हिशेब सुटा करता येत नाही. म्हणून व्याज वेगळ्या खात्यात घ्यावं.

घोटाळा होतो तो टीडीएसमध्ये. बँक तो बायकोच्या पॅनवर कापते आणि नवऱ्याच्या 26AS या करकपातीच्या नोंदपत्रात तो दिसतच नाही. व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जाणार असल्याचं घोषणापत्र तिने बँकेला आधीच द्यावं. नवऱ्याचं हॉटेल म्हणजे व्यवसायाचं उत्पन्न, म्हणून त्याने ITR-3 मधल्या Schedule SPI मध्ये तिचं नाव, पॅन आणि रक्कम भरावी.