तळओळींचे विलगीकरण (तक्त्यातील)

तळओळींचे विलगीकरण : छापील तक्त्याच्या स्कॅन केलेल्या प्रतीतून मजकूर ओळखून घेतल्यावर, तक्त्याच्या तळाशी असलेल्या एकूण बेरजेच्या ओळी आणि तळटिपा प्रत्यक्ष नोंदींच्या ओळींपासून वेगळ्या काढण्याची क्रिया. तिच्यातून दोन गोष्टी हाती येतात. एक म्हणजे स्वच्छ विदा, जिच्यात प्रत्येक ओळ एकाच प्रकारच्या घटकाविषयी बोलते. दुसरी म्हणजे अधिविदा, म्हणजे त्या विदेविषयीची माहिती : टिपा, चिन्हांचे अर्थ, एकके आणि छापील बेरजा.

संगणकशास्त्रात या प्रश्नाची स्वतंत्र मांडणी साधारणपणे २००० नंतर ठळक होत गेली. पिंटो, मॅककॅलम, वेई आणि क्रॉफ्ट यांच्या २००३ च्या शोधनिबंधात तक्त्याच्या प्रत्येक ओळीला तिच्या कामावरून नाव देण्याची पद्धत आहे. तीत तळटिपेला स्वतंत्र वर्ग होता, बेरजेच्या ओळीला मात्र नव्हता. २०२१ मधील ‘स्ट्रूडेल’ या पद्धतीत ओळींचे सहा वर्ग केले आहेत आणि त्यांत ‘साधित’ ओळ, म्हणजे इतर आकड्यांवरून काढलेली ओळ, वेगळी धरली आहे. एवढ्यावरून एक मतभेद दिसतो. बेरजेची ओळ ही नोंदच आहे, फक्त तिचा घटक मोठा आहे, असे एक मत. ती नोंद नव्हे, नोंदींवरचे विधान आहे, असे दुसरे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण बेरीज नोंदींमध्ये राहिली तर पुढच्या कोणत्याही बेरजेत प्रत्येक आकडा दोनदा मोजला जातो. तरीही ती टाकून देण्याची वस्तू नाही. आकडे बरोबर वाचले गेले की नाही, याचा स्कॅनमधला सर्वांत भक्कम पुरावा तीच असते, म्हणून विलगीकरणाआधी पडताळणी हा क्रम पाळावा.

तळटीप ओळखण्याची मुख्य खूण तिच्या जागेत आहे. नोंदीचा मजकूर आपापल्या रकान्यात राहतो आणि दोन रकान्यांमध्ये मोकळी पट्टी सुटते. तळटीप मात्र ती पट्टी ओलांडून सलग धावते, बहुधा लहान टंकात असते आणि तिच्या आरंभी चिन्ह, अंक किंवा ‘टीप’ असा शब्द असतो. अक्षरओळख करणारी प्रणाली जेव्हा रकान्यांच्या सीमा तळापर्यंत तशाच खेचते तेव्हा टिपेचे वाक्य तुकडे होऊन रकान्यांत विखुरते. त्यात ‘२०२०’ सारखे साल असेल तर ते नेमके आकड्यांच्या रकान्यात जाऊन बसते आणि नोंद म्हणून मोजले जाते. म्हणून शब्दांचे पानावरील स्थान हाती असेपर्यंतच टिपा वेगळ्या कराव्यात. एकदा तक्ता नुसत्या ओळी-रकान्यांत उतरला की ही खूण नाहीशी होते.

बेरजेची ओळ रकान्यांतच बसते, त्यामुळे स्थानावरून ती ओळखू येत नाही. वरची आडवी रेघ, ठळक टंक आणि ‘एकूण’ हा शब्द यांची मदत होते, पण निर्णय गणितावर सोडावा : वरच्या ओळींची बेरीज तिच्याइतकी येते का? अनेक पानांच्या तक्त्यात ‘पुढे नेले’ आणि ‘मागील पानावरून’ अशा ओळीही येतात; त्या चालू बेरजा आहेत. उलट ‘पैकी’ने सुरू होणारी ओळ बेरीज नसली तरी वरच्याच ओळीचा भाग असते. ती स्वतंत्र नोंद धरली तर बेरीज नेमकी तिच्या आकड्याएवढी फुगते, आणि त्यावरूनच ती सापडते.

चार विभागांचा एक लहान तक्ता घेऊ. २०१९ च्या रकान्यात अ ४१२, ब १,०८६, क ३५७, ड ६४० आणि एकूण २,४९५ असे छापलेले आहे. ब च्या आकड्याच्या माथ्यावर टिपेचा बारीक २ आहे. अक्षरओळखीत माथ्यावरचा अंक खाली उतरून आकड्याला चिकटला आणि १,०८६ चे ‘१,०८६२’, म्हणजे १०,८६२ झाले. आता वाचलेल्या आकड्यांची बेरीज १२,२७१ येते, म्हणजे छापील बेरजेपेक्षा ९,७७६ जास्त. मूळ आकड्याच्या शेवटी एक अंक चिकटला की तो आकडा दहापट होऊन त्यात तो अंक मिळतो. म्हणून वाढ ही मूळ आकड्याच्या नऊपट अधिक तो अंक एवढी असते. ९,७७६ ला ९ ने भागले की भागाकार १,०८६ आणि बाकी २. दोषी आकडा, त्याचे खरे मूल्य आणि टिपेचा क्रमांक हे तिन्ही एकाच भागाकारात मिळाले. टिपेचा क्रमांक ९ असेल तर बाकी शून्य येते आणि भागाकार एकाने वाढतो, एवढे ध्यानात ठेवावे. बेरीज नसेल तेव्हा स्वल्पविराम उपयोगी पडतो : ‘१,०८६२’ अशी विभागणी कोणी छापत नाही. टिपांसाठी अंकांऐवजी अक्षरे किंवा तारांकन वापरलेले तक्ते या धोक्यातून बहुतांशी सुटतात. मात्र संशोधनपर तक्त्यांत तारांकन सांख्यिकीय सार्थकतेची पातळीही दाखवते. तेथे तळाचा खुलासा वाचल्याखेरीज त्याला टीप समजू नये.

त्याच तक्त्यात २०२० साठी अ ३९८, ब १,१४०, क च्या जागी आडवी रेघ, ड ६५५ आणि एकूण २,१९३ आहे. रेघेचा अर्थ ‘माहिती उपलब्ध नाही’ असा तळाशी दिला आहे. येथे बेरजेच्या पडताळणीची मर्यादा दिसते. रेघेच्या जागी शून्य लिहिले तरी बेरीज जुळते, पण सरासरी ७३१ ऐवजी ५४८.२५ होते. रेघ म्हणजे शून्य की अभाव, हे केवळ तळटीपच सांगू शकते. म्हणून टीप एका बाजूला ठेवून भागत नाही; ती ज्या चौकटीची आहे तिच्याशी जोडलेली राहावी लागते. सोयीची मांडणी अशी :

```
विभाग,वर्ष,संख्या,टीप
ब,2019,1086,2
क,2020,,-
```

टिपांचा पूर्ण मजकूर, छापील बेरजा आणि ‘२०२० ची बेरीज तीनच विभागांची’ असा शेरा वेगळ्या फायलीत जातो. स्वल्पविरामांनी विभागलेल्या फायलीच्या २००५ च्या वर्णनात, RFC 4180 मध्ये, टिपांसाठी जागाच नाही. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१५ मध्ये शिफारस केलेल्या पद्धतीत अशी माहिती सोबतच्या जेसन फायलीत ठेवतात आणि तक्त्याच्या टिपांसाठी तिच्यात `notes` हा गुणधर्म आहे.

आकडे पूर्णांकित असतील तर बेरीज तंतोतंत जुळण्याची अपेक्षा चुकीची ठरते. प्रत्येक आकड्यात अर्ध्या एककापर्यंत फरक असू शकतो आणि छापील बेरजेतही तेवढाच. चार ओळींसाठी ही मर्यादा अडीच एकके होते. त्यामुळे दोनपर्यंतची तफावत वाचनदोष समजून आकडे ‘दुरुस्त’ करू नयेत. टक्केवारीच्या आणि सरासरीच्या रकान्यांना उभ्या बेरजेची कसोटी सहसा लागू पडत नाही. दोन चुका एकमेकींची भरपाई करत असतील तर उभी बेरीज त्या लपवते. आडवी बेरीज छापलेली असेल तरच त्या उघड होतात.