तंबाखू सोडल्यावरची बद्धकोष्ठता

विडी, सिगारेट, तंबाखू किंवा मिसरी सोडल्यावर काही आठवडे शौचाला कठीण किंवा कमी वेळा होणे. सोडणाऱ्या दर सहा जणांपैकी सुमारे एकाला हा त्रास होतो.

मोठ्या आतड्याच्या भिंतीत स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते. निकोटिन त्याला चेतवते आणि आतडे मळ पुढे ढकलते. चुना लावून मळलेल्या तंबाखूतून निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून लवकर रक्तात उतरते, म्हणून चिमूट ठेवल्यावर थोड्याच वेळात पोटात कळ येते. वर्षानुवर्षे असे झाले की शरीराला त्या इशाऱ्याची सवय लागते. तो थांबला की आतडे मंदावते, मळ जास्त वेळ आत राहतो, त्यातले पाणी शोषले जाते आणि तो खड्यासारखा घट्ट होतो.

पुण्याच्या मार्केट यार्डातला एक हमाल समजा. पहाटे चारला उठायचे, चिमूट, चहा, दहा मिनिटांत संडास, मग कामावर. तंबाखू सोडल्यावर तिसऱ्या दिवशी कळ येत नाही. पाचव्या दिवशी तो कुंथतो, पोट फुगलेले असते. सहाव्या दिवशी एक चिमूट लावतो आणि पोट साफ होते. ‘तंबाखूशिवाय मला होतच नाही,’ असे त्याला ठाम वाटते. सोडलेली तंबाखू इथेच परत सुरू होते, आणि हे आधी कोणी सांगितले नसेल तर दोष त्या माणसाला देता येत नाही. चिमटीने फक्त जुना इशारा दिला. आतडे बिघडलेले नव्हते.

चिमूट गेली तरी वेळ तीच ठेवावी. खाल्ल्यावर आतडे आपोआप हलते, म्हणून चहासोबत भाकरी किंवा पोहे खाऊन वीस मिनिटांनी बसावे. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्यावा. दहा मिनिटांत झाले नाही तर उठावे, कुंथू नये. रात्री एक-दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यातच घ्यावा. कमी पाण्यात तो घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. तरीही तीन-चार दिवस झाले नाही तर औषध विचारून घ्यावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मॅग्नेशियमची रेचके स्वतःहून घेऊ नयेत. तंबाखू सोडण्यासाठी दिलेल्या ब्युप्रोपिऑननेही मलावरोध होतो, ते डॉक्टरांना सांगावे.

बहुतेकांचा त्रास पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत ओसरतो. मळात रक्त, वजन घटणे, किंवा उलट्यांसह गॅसही न सरणे यांचा दोष तंबाखू सोडण्याला देऊ नये. रक्त आणि वजनासाठी तपासणी करून घ्यावी. गॅसही अडला असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.